चलथाणच्या लग्नाची हिस्टरी

नवरा गेल्यावर लोकांनी मला जी वाक्यं ऐकवली त्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य 'धीर धर' हे होतं. दुसरा नंबर, थोड्या उशिराने आलेला, 'फोटो तर आहेत ना?' याचा. पहिलं वाक्य नातेवाइकांचं, दुसरं गिऱ्हाइकांचं. दोन्ही ऐकून मला काही वाटायचं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटायचं नाही.

आमचा स्टुडिओ सुरतेत बमरोली रोडला, एका लूमच्या खात्याच्या, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याच्या, पुढच्या गाळ्यात. मागे यंत्रं धडधडतात, पुढे आम्ही पासपोर्ट साइजच्या फोटोसाठी लोकांना 'हनुवटी जरा खाली' म्हणतो. लग्नांचं काम नवरा करायचा. शूटिंग त्याचं, कॉम्प्युटरवर फोटो सुधारणंही त्याचंच. माझ्याकडे अल्बमची जुळणी आणि गिऱ्हाइकांची बडबड. तो मोजकं बोलायचा, म्हणून बडबडीचं खातं माझ्याकडे आलं होतं. मला ते बरं जमतं असं लोक म्हणतात, त्यात मी जराही विनय दाखवत नाही.

त्याचं शेवटचं लग्न चलथाणचं. साखर कारखान्याच्या कॉलनीतली मुलगी, मुलगा सचिन गावातल्या एका रंगाच्या कंपनीतला. साधारण चौदाशे फोटो निवडून काढलेले. त्यातले नऊशेच्या आसपास त्याने सुधारून ठेवले, आणि एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता तो बेसिनपाशी खाली बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढंच. चाळीसला दोन कमी होते.

त्यानंतर मी रोज दुपारी स्टुडिओत जाऊन बसायला लागले. कामासाठी नाही. नवीन काम मी घेतच नव्हते. मी त्या चलथाणच्या लग्नाची हिस्टरी बघायचे.

हे जरा समजावून सांगावं लागेल. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो काम करायचा त्यात मूळ फोटोला हात लागत नाही. फोटो आपल्या जागी जसाच्या तसा पडून राहतो. त्याच्यावर काय काय केलं, किती उजळ केला, कुठे कापला, हे सगळं एका वेगळ्या वहीत लिहिलं जातं. त्या वहीला कॅटलॉग म्हणतात. आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या बाजूला एक यादी दिसते, तिचं नाव हिस्टरी. खालून वर वाचायची. आधी हे केलं, मग ते केलं, मग ते परत घेतलं. यादीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं की फोटो त्या वेळी कसा होता तसा दिसतो.

चलथाणच्या लग्नात नवरीच्या आजीचा एक फोटो होता. मांडवाच्या कडेला एकटी खुर्चीवर बसून जेवते आहे. त्या एका फोटोची यादी एकेचाळीस ओळींची होती. त्याने आधी फोटो उजळ केला. मग थोडा जास्त. मग एकदम अंधारा. मग कडेला कुणाचा तरी ताट धरलेला हात येत होता तो कापला, दोन ओळींनंतर तो हात परत आणला, परत कापला, आणि शेवटी ठेवला. आजीच्या लुगड्याचा हिरवा त्याला पसंत पडत नव्हता. सात ओळी नुसत्या हिरव्याच्या होत्या. घरात भाजी कुठली करू विचारलं तर 'काहीही' म्हणणारा माणूस एका लुगड्याच्या हिरव्यापायी सात वेळा मन बदलत बसला होता. हे मला तो असताना माहीत नव्हतं.

मी एकेक ओळ दाबत वर जायचे. शेवटी सगळ्यात वरची ओळ दाबून ठेवायची, म्हणजे फोटो त्याने ठेवला तसाच राहतो. मधल्या एखाद्या ओळीवर असताना चुकून काही बदललं तर तिच्या वरच्या सगळ्या ओळी पुसल्या जातात. म्हणून मी उजव्या बाजूला माउस नेतच नव्हते. रोज पंधरा-वीस फोटो. नऊशे संपायला बराच काळ पुरला असता. मी हळूच चालले होते.

नवरीच्या आईचे फोन यायचे. मी सांगायचे, होईल. तिकडून, फोटो तर आहेत ना? आहेत. मूळ फोटो दोन ठिकाणी होते, एक डिस्क स्टुडिओत, एक घरी कपाटात साड्यांच्या खाली. त्या बाबतीत तो फार शिस्तीचा होता.

माझे सासरे, आबा, बत्तीस वर्षं लूमवर होते. शिंदखेड्याकडून आले तेव्हापासून खात्यातच. कापूस, तेल आणि वायरी एकत्र नांदतात तिथे काय होऊ शकतं ते त्यांनी बघितलेलं आहे. त्यामुळे पाळी संपली की मेन स्विच पाडायचा, हा त्यांच्या अंगातला नियम. रिटायर झाल्यावर ते आमच्या स्टुडिओत येऊन बसायला लागले आणि तो नियमही सोबत घेऊन आले. संध्याकाळी गाळा बंद करण्याचं काम त्यांचं. आम्ही मशीन बंद करून निघायचं, ते देवाला उदबत्ती लावणार, मेन पाडणार, शटर ओढणार. फ्रिज घेतला नाही तो याच कारणाने, कारण रोज रात्री त्याचाही मेन पडला असता. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी फुगून मेलेली होती आणि तो नुसता शोभेला टेबलाखाली बसलेला होता.

तो जायच्या आधीपासूनच, सीझन होता म्हणून, सॉफ्टवेअर बंद करताना ते विचारायचं, 'बॅकअप घ्यायचा का?' आणि तो 'या वेळी नको' दाबायचा. नंतर मीही तेच दाबत राहिले. मग एक दिवस मला उगाच शहाणपण सुचलं. एवढं सगळं एका फाइलमध्ये आहे, तिचं काही झालं तर? मी 'बॅकअप घे' दाबलं. खाली आणखी दोन खुणा होत्या, फाइल तपासायची आणि नीट लावायची, त्याही राहू दिल्या. स्क्रीनवर एक पट्टी सरकायला लागली. फार हळू. मला दळण आणायचं होतं, चक्की बंद व्हायची वेळ झाली होती. आबा बाहेर ओट्यावर कुणाशी तरी बोलणं आटपत होते. मी पर्स घेतली आणि निघाले. आबांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॉफ्टवेअर उघडलं नाही. इंग्रजीत एक चौकट आली. कॅटलॉग खराब झाला आहे, उघडता येत नाही, दुरुस्त करून बघू का? मी हो म्हटलं. बराच वेळ ते विचार करत बसलं. मग दुसरी चौकट, दुरुस्त होत नाही. मी तीनदा वाचलं. इंग्रजी मला चांगलं येतं, तरी तीनदा.

मला काही झालं नाही. मागे यंत्रं चालू होती. मी उठून फडक्याने की-बोर्ड पुसला.

मग मोटाभाईंना फोन लावला. मोटाभाई म्हणजे नवऱ्याचे जुने दोस्त, वयाने आठ-दहा वर्षांनी मोठे, रिंगरोडच्या एका स्टुडिओत साड्यांच्या फोटोंवर काम करतात. साडीवाल्यांच्या छापील कॅटलॉगसाठी रोज शेकडो फोटो त्यांच्या हाताखालून जातात. राणी रंग राणीच दिसला पाहिजे, गाजरी गाजरी. मुळात सुरतचेच.

"बेन, कुछ भी दबाना मत," ते म्हणाले. "डिलीट तो बिलकुल नहीं. ओरिजिनल सेफ हैं ना?"

"हैं."

"बस, तो टेन्शन नहीं लेने का. मैं कल आता हूँ."

ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आले, मोपेडवरून, घामाघूम. आबांनी पाणी दिलं. मोटाभाईंनी आधी कॅटलॉगचं सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. जे करायचं ते प्रतीवर, खराब झालेल्या मूळ फाइलला हात लावायचा नाही, असं ते माझ्याकडे न बघता सांगत होते. मग बॅकअपचं फोल्डर उघडलं. आत तारखांची फोल्डरं. सगळ्यात ताजं परवाचं, माझ्या शहाणपणाचं. त्यातली झिप फाइल उघडेचना. अर्धीच लिहिली गेलेली.

"लाइट गई थी क्या परसों?" त्यांनी विचारलं.

"लाइट कोठे गई?" आबा दारातून म्हणाले. "मी सोता मेन पाडस रोज."

मोटाभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. आबांना त्यात बोलण्यासारखं काही आहे हे कळलं नसावं, ते परत ओट्यावर जाऊन बसले. मला राग आला होता. तो राग मला स्पष्ट आठवतो, कारण कित्येक महिन्यांत मला आलेली ती पहिलीच गोष्ट होती. आणि तो आबांवर किती आणि चक्कीवाल्यावर किती आणि माझ्यावर किती, याची वाटणी मला करता येत नव्हती, तेवढ्यात तो गेलासुद्धा.

त्याच्या आधीचा बॅकअप चलथाणच्या लग्नाच्या चार दिवस आधीचा निघाला. तो नीट उघडला. मोटाभाईंनी तो एका नव्या फोल्डरमध्ये सोडवला, खराब फाइलच्या जागी टाकला नाही. सॉफ्टवेअर चालू झालं. मागच्या सगळ्या वर्षांची लग्नं, साखरपुडे, बारशी, सगळं जागेवर. फक्त चलथाण नाही. त्या दिवसाच्या कॅटलॉगला चलथाण माहीतच नव्हतं.

"गया?" मी विचारलं.

"रुको ना." त्यांनी चलथाणच्या फोटोंचं फोल्डर उघडलं. प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची एक बारकीशी फाइल होती. मी ती कधी नीट बघितली नव्हती. मोटाभाई पहिल्यांदा हसले. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच या कॉम्प्युटरवर एक खूण करून दिली होती. त्यांच्याकडे एकाच कामावर चार मशीन चालतात, म्हणून प्रत्येक फोटोचे बदल कॅटलॉगशिवाय त्या फोटोशेजारीही लिहून ठेवायचे, ही त्यांच्या स्टुडिओची पद्धत. नवरा कुरकुरला होता म्हणे, याने मशीन हळू होतं. पण खूण काढली नव्हती.

"देखो," ते म्हणाले, "अब ये फोल्डर जोडेंगे. कॉपी नहीं, जहाँ हैं वहीं से. और जोडते टाइम कोई प्रीसेट मत लगाना, नहीं तो उसके काम के ऊपर चढ जाएगा."

त्यांनी प्रीसेटच्या, म्हणजे तयार बदलांच्या, जागी 'काही नाही' केलं आणि बटण दाबलं. चौकटी आधी करड्या आल्या. मग एकेक करून रंग भरायला लागला. हळद. मांडव. नवरीचा बाप उसाच्या ट्रॉलीशेजारी उभा. सगळे त्याने केले होते तसे. कापलेले तिथेच कापलेले, निवडताना त्याने दिलेले तारेही सोबत आलेले. जे पाचशे राहिले होते ते राहिलेले, तसेच फिकट.

"आवी गयुं," मोटाभाई म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

काही गोष्टी येणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. काही फोटोंच्या त्याने काळ्या-पांढऱ्या जास्तीच्या प्रती केल्या होत्या, त्या प्रती फक्त कॅटलॉगमध्येच असतात, त्या गेल्या. निवडीचे झेंडे गेले. अल्बमसाठी मी लावलेले गट गेले. "वो तुम दो दिन में फिर से बना लोगी," ते म्हणाले. खरंच होतं.

मी आजीचा फोटो उघडला. हिरवा बरोबर होता. ताट धरलेला हात होता. डावीकडे हिस्टरीत एकच ओळ. 'इम्पोर्ट', आणि पुढे आजची तारीख.

मी दुसरा फोटो उघडला. एक ओळ, आजची तारीख. तिसरा. चौथा. मोटाभाई घड्याळ बघत होते, त्यांना परत जायचं होतं.

"यादी?" मी म्हटलं. "वो नहीं आती क्या?"

त्यांना आधी कळलंच नाही मी काय विचारते आहे. मग म्हणाले, शेजारच्या फाइलमध्ये फक्त शेवट लिहिलेला असतो. कुठे पोचला ते. कसा पोचला ते फक्त कॅटलॉगमध्ये. "पर उसका क्या काम, बेन? फोटो तो वैसे का वैसा है."

मी सांगितलं नाही. तरी त्यांनी माझं तोंड बघून असेल, खराब फाइलची प्रत बरोबर नेली. चार दिवसांनी फोन आला. डेटाबेस सोडवायच्या एका प्रोग्रॅममधून त्यांनी ती फिरवली होती. नोंदींचे तुकडे निघाले, पण कुठली नोंद कुठल्या फोटोची हे सांगणारा भागच फाटलेला होता. दोनदा करून बघितलं, म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटणं होतं. मी थँक्यू म्हटलं, घरच्यांना जेवायला घेऊन या म्हटलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ भिंतीवरचे नमुन्याचे फोटो बघत बसले. सगळे म्हणत होते सगळं वाचलं, आणि ते खरंही होतं. त्याचं काम वाचलं. त्याचं ते घुटमळणं गेलं. मला कामाचं काय करायचं होतं? ते चलथाणवाल्यांचं होतं. घुटमळणं तेवढं माझ्या एकटीचं होतं.

पुढच्या आठवड्यात मी उरलेले पाचशे फोटो करायला घेतले. नवरीच्या आईने रागावून नाही, रडून फोन केला होता, तिची पोर सासरी दाखवायला फोटो मागते आहे म्हणून. मला त्याच्यासारखं येत नाही. मी त्याचे आकडे एका फोटोवरून दुसऱ्यावर उतरवायचे आणि मग जमेल तसं पुढे-मागे करायचे. अल्बम गेला, त्यांना आवडला. कुठला फोटो कुणी सुधारलेला हे त्यांना ओळखता आलं नाही. मला आलं असतं, पण मी बघितलं नाही.

आबांना मी काही बोलले नव्हते. पण अल्बम गेला त्या संध्याकाळी ते उदबत्ती लावत होते आणि म्हणाले, "उनं ना सगळं पाछं? फोटो शेतस ना?"

त्यांच्याही तोंडी तेच वाक्य. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाही आलं सगळं, आबा. त्या दिवशी तुम्ही मेन पाडलात. कॉम्प्युटर चालू होता. दिसला नाही तुम्हाला?"

सून सासऱ्याशी अशी बोलत नाही आमच्यात. मी बोलले. आबांनी उदबत्ती खोचली, काडी विझवली आणि बाकावर बसले. यंत्रं अजून चालू होती, त्यामुळे ते काय म्हणाले ते ऐकायला मला जवळ जावं लागलं.

"हो, दिसना ना," ते म्हणाले. "मशीन चालू अन् खुर्ची रिकामी. तो असाच करे. मशीन चालू ठी अन् च्या पेवाले निंघी जाये."

"मग?"

"माले वाटनं, ई जाई आते. भुली गयतू मी. बसनू वाट देखत."

"किती वेळ बघितलीत त्याची वाट?"

"व्हयी वीस मिनिटं. मंग ध्यानमा उनं." त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. "मंग माले ते चालू देखावेना. पाडी दिधा मेन."

ते उठले, नेहमीसारखा मेन पाडला आणि शटर ओढलं. आम्ही दोघं घराकडे चालत निघालो. वाटेत मी मनात मिनिटं मोजत होते. नवा कॅटलॉग बसल्यावर मी एकदा तोच बॅकअप त्याच दोन्ही खुणा ठेवून घेतला होता, समोर बसून. त्याला पंचवीस मिनिटं लागली होती. आबांनी त्याची आणखी पाच मिनिटं वाट बघितली असती तर सगळं राहिलं असतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.